रात्रीचं दही आणि सकाळची सर्दी

जेवण संपत आलेलं असतं, शेवटचा भात पानात पडतो, पोरगं दह्याच्या सटाकडे हात करतं आणि आजीचा आवाज येतो, "आत्ता दही नको हं, सकाळी घसा धरेल." केळ्याचंही तेच. दुपारी शिकरण-पोळी म्हणून कौतुकानं वाढलेलं केळं दिवेलागणीनंतर एकदम 'कफ करणारं' होतं. पेरू, सीताफळ, संत्रं ही त्याच यादीतली. सांगणारी माणसं आपल्या काळजीपोटी सांगतात आणि त्यांच्या सांगण्यामागे कित्येक वर्षांचं पाहणं असतं. म्हणून 'अंधश्रद्धा' असा शिक्का मारून मोकळं होणं मला पटत नाही. या समजुतीत नेमकं काय म्हटलंय, ते कुठून आलं आणि त्यातलं किती टिकतं, हे सावकाश पाहायला हवं.

मुळाशी दोन शब्द आहेत, 'थंड' आणि 'कफ'. दोन्ही शब्दांना मराठीत दोन-दोन अर्थ आहेत आणि ते बोलताना एकमेकांत मिसळतात. फ्रिजमधलं दही हाताला गार लागतं, हा एक थंडपणा. केळं मात्र हाताला गार नसतंच. केळी घरात कुणी फ्रिजमध्ये ठेवत नाही, कारण साधारण १३ अंशांच्या खाली तिची साल काळी पडते आणि ती नीट पिकत नाहीत. टोपलीत ठेवलेलं केळं खोलीइतकंच उबदार असतं. तरीही ते 'थंड' म्हटलं जातं, कारण इथे थंड म्हणजे आयुर्वेदात सांगितलेला शीत गुण. कफाचंही तसंच आहे. शास्त्रातला कफ हा वात आणि पित्ताच्या जोडीचा दोष आहे. जडपणा, सुस्ती, मंदावलेली भूक ही त्याची लक्षणं. रोजच्या बोलण्यातला कफ म्हणजे खोकताना निघणारा बेडका. 'केळं कफ करतं' हे वाक्य पहिल्या अर्थानं उच्चारलं गेलं आणि आपण ते दुसऱ्या अर्थानं ऐकत आलो.

दह्याबाबत तर मूळ वचनच पाहण्यासारखं आहे. चरकसंहितेच्या सूत्रस्थानात, सातव्या अध्यायात, 'न नक्तं दधि भुञ्जीत' असं स्पष्ट म्हटलं आहे: रात्री दही खाऊ नये. त्याच श्लोकात पुढे तूप-साखर, मुगाचं कढण, मध किंवा आवळा यांच्याशिवाय दही खाऊ नये, आणि गरम करून खाऊ नये, असंही आहे. ही पथ्यं मोडून दही खाणाऱ्याला काय होईल, त्याची यादी लगेच पुढच्या श्लोकात येते. ज्वर, रक्तपित्त, विसर्प, कुष्ठ, पांडू, भ्रम, कावीळ. त्या यादीत सर्दी नाही आणि खोकलाही नाही. त्याच सूत्रस्थानात सत्ताविसाव्या अध्यायात दह्याचे गुण सांगताना ते 'उष्ण' म्हटलं आहे आणि ज्या विकारांत दही चांगलं त्यांत पहिलंच नाव 'पीनस' असं आहे. पीनस म्हणजे नाकाचा जुनाट सर्दीसारखा विकार. कफातून उठलेल्या विकारांत दही अहितकर, असंही तिथेच लगोलग म्हटलं आहे, त्यामुळे ग्रंथ सरसकट दह्याच्या बाजूचा आहे असंही नाही. पण 'दही थंड, म्हणून रात्री सर्दी' ही सरळ रेघ ग्रंथातली नव्हे. ती नंतर घराघरांत ओढली गेली.

आता हाताला लागणाऱ्या गारव्याचा हिशेब करू. एक वाटी दही म्हणजे सुमारे १५० ग्रॅम. ते फ्रिजमधून ५ अंशांवर निघालं आणि पोटात ३७ अंशांपर्यंत तापलं, तर त्याला जवळजवळ ५ किलोकॅलरी उष्णता लागते. शांत बसलेला मोठा माणूस मिनिटाला साधारण एक किलोकॅलरी उष्णता तयार करत असतो. म्हणजे त्या वाटीचा गारवा भरून काढायला शरीराची पाच मिनिटांची कमाई पुरते. लहान मूल घेऊ. १५ किलोचं मूल अर्धी वाटी गार दही एका दमात गिळेल आणि शरीर तेवढा वेळ अजिबात उष्णता तयार करणार नाही असं धरलं, तरी अंगाचं तापमान फार तर ०.२ अंशानं उतरेल. प्रत्यक्षात तेवढंही उतरत नाही, कारण शरीर त्या वेळातही उष्णता तयार करतच असतं. 'छातीत थंडी साठली' असं आपण म्हणतो, पण अन्न छातीतल्या फुप्फुसांत जातच नाही. अन्ननलिका वेगळी, श्वासनलिका वेगळी.

नाक आणि घसा यांचं मात्र थोडं निराळं आहे, आणि इथे समजुतीच्या बाजूचा एक खरा पुरावा सापडतो. १९७८ साली 'चेस्ट' या वैद्यकीय नियतकालिकात एक छोटा प्रयोग प्रसिद्ध झाला. निरोगी माणसांना गरम पाणी, गरम चिकन सूप आणि थंड पाणी प्यायला देऊन त्यांच्या नाकातला चिकट स्राव किती वेगानं सरकतो ते मोजलं. गरम पाण्याचे घोट घेतल्यावर वेग मिनिटाला ६.२ मिलिमीटरवरून ८.४ वर गेला. सुपाचे घोट घेतल्यावर ६.९ वरून ९.२ झाला. थंड पाण्यानं मात्र ७.३ वरून ४.५ वर उतरला. गरम पेयांचा परिणाम अर्ध्या तासात ओसरला, थंड पाण्याचा तेव्हाही टिकून होता. नाक आधीच चोंदलेलं असताना गार काही घेतलं की 'अजून भरल्यासारखं' वाटतं आणि कढत साराची वाटी तोंडाला लावली की मोकळं वाटतं, त्याला असा आधार आहे. पण आधार कशाला आहे ते नीट पाहावं. स्राव मंदावणं ही तात्पुरती गोष्ट आहे. त्यातून सर्दी जन्माला येत नाही. सर्दी विषाणूनं होते आणि तो दह्याच्या वाटीत नसतो. तो शेजारी शिंकणाऱ्याच्या हातावर, दाराच्या कडीवर, शाळेच्या बाकावर असतो.

दूध आणि कफ यांच्याबद्दल ऑस्ट्रेलियात झालेला प्रयोग मला या सगळ्यात सगळ्यात बोलका वाटतो. १९९० साली तो प्रसिद्ध झाला. साठ निरोगी स्वयंसेवकांच्या नाकात सर्दीचा विषाणू मुद्दाम सोडला. पुढचे दहा दिवस त्यांनी रोज किती दूध प्यायलं ते लिहून घेतलं आणि शिंकरलेले रुमाल वजन करून स्राव किती आला ते मोजलं. कुणी दुधाला शिवलंही नाही, कुणी दिवसाला अकरा ग्लासांपर्यंत गेलं. दूध जास्त म्हणून स्राव जास्त, असं काही आढळलं नाही. मात्र 'दुधानं कफ होतो' असं ज्यांना आधीपासून वाटत होतं, त्यांनी खोकला आणि चोंदल्याची तक्रार जास्त नोंदवली. स्राव तेवढाच, त्रास जास्त. त्याच संशोधकांच्या गटानं पुढे चव झाकून काहींना गाईचं दूध आणि काहींना सोयाबीनचं पेय दिलं. घशात साय बसल्यासारखं वाटणं, लाळ दाट वाटणं, दोन्ही गटांत सारखंच निघालं.

हा प्रयोग दुधाचा आहे, दह्याचा नव्हे आणि केळ्याचाही नव्हे, हे लक्षात ठेवायला हवं. पण घशात काय होतं हे त्यातून कळतं. सायीचं घट्ट दही किंवा पिकलेलं केळं लाळेत मिसळलं की दाटसर थर जिभेवर आणि घशाच्या मागे काही वेळ राहतो. माणूस खाकरतो, तो थर निघतो आणि त्याला वाटतं, कफ निघाला. निघतं ते लाळ आणि अन्न. दोन घोट कोमट पाणी घेऊन चूळ भरली आणि खाकरणं थांबलं, तर समजावं की तो थर होता. छातीतला कफ चूळ भरून जात नाही.

मग पिढ्यान्‌पिढ्या लोकांना दिसलं ते काय? इथे एक हिशेब कागदावर मांडून पाहावा. शाळेत किंवा पाळणाघरात जाणाऱ्या लहान मुलाला वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं अगदी सामान्य आहे. आपण आठ धरू. आता समजा हे मूल आठवड्यातून दोनदा रात्री केळं खातं. सर्दी सुरू झाल्यावर घरातली माणसं मागचे दोन दिवस आठवतात. कुठलेही सलग दोन दिवस घेतले, तर त्यात केळ्याची रात्र असण्याची शक्यता निम्म्याहून थोडी जास्त भरते. म्हणजे केळ्याचा काडीचाही दोष नसला तरी वर्षातल्या आठ सर्द्यांपैकी चार-पाच 'केळं खाल्लं आणि सर्दी झाली' अशा दिसणारच. एका वर्षात चार-पाच वेळा डोळ्यांदेखत घडलेली गोष्ट कुणाला खोटी वाटेल? उरलेल्या सुमारे शंभर रात्री केळं खाऊन मूल ठणठणीत उठलं, त्या कुणी मोजत नाही. आणि पोळी तर मूल रोज खातं. हाच न्याय लावला तर आठच्या आठ सर्द्या पोळीच्या नावावर जमा व्हायला हव्यात.

वेळेचा मेळही बसत नाही. सर्दीचा सर्वांत नेहमीचा विषाणू, ऱ्हायनोव्हायरस, शरीरात शिरल्यापासून लक्षणं दिसेपर्यंत साधारण अर्धा दिवस ते तीन दिवस घेतो. लहान मुलांची छाती भरणारा आरएसव्ही चार-पाच दिवसही घेतो. म्हणून रात्री नऊला दही खाल्लं आणि सकाळी सहाला नाक वाहू लागलं, तर तो विषाणू बहुतेक आदल्या दिवशी किंवा त्याच्याही आधी आलेला असतो. लग्नात श्रीखंड खाल्लं, वाढदिवसाला आइस्क्रीम खाल्लं आणि घरातली चार मुलं आजारी पडली, हे खरंच घडतं. पण त्या दिवशी चाळीस माणसं एका हॉलमध्ये दाटीनं बसली होती, मुलांनी एकमेकांचे चमचे चाटले होते. आठवतं ते आइस्क्रीम.

रात्रीचं काय, हा प्रश्न उरतोच, आणि त्यात तथ्य आहे. आडवं झाल्यावर नाकामागचा स्राव घशात उतरतो, म्हणून सर्दीतला खोकला रात्री वाढतो, मग जेवणात काहीही असो. दुसरं कारण पोटातल्या आम्लाचं. भरपेट जेवून अर्ध्या तासात झोपलं की आम्ल वर येतं, घशाशी जळजळतं आणि पहाटे कोरडी ढास लागते. आंबलेलं दही, संत्रं, मोसंबी यांनी काही जणांना हे जास्त जाणवतं. इथे बदलायची गोष्ट घड्याळात आहे. साडेदहाला झोपायचं असेल तर साडेसात-आठपर्यंत जेवण उरकावं. त्या जेवणातलं दही दहा वाजताच्या दह्याइतकं त्रास देत नाही. दही कसं आहे त्यानंही फरक पडतो. सकाळी विरजलेलं, संध्याकाळपर्यंत नीट लागलेलं गोडसर दही वेगळं आणि तीन दिवस फ्रिजमध्ये राहून पाणी सुटलेलं, दात आंबवणारं दही वेगळं. घसा आधीच सोललेला असेल तर दुसरं झोंबणारच. त्याची ताकाची कढी करावी. जेवणाआधी अर्धा तास वाटी बाहेर काढून ठेवली तर गारव्याचा प्रश्नही राहत नाही.

काही माणसांच्या बाबतीत मात्र आजीचं म्हणणं ऐकायलाच हवं. दमा असलेल्या मुलांत बर्फ किंवा बर्फासारखं गार काही खाल्ल्यावर श्वासनलिका अधिक संवेदनशील होतात, असं लंडनमध्ये भारतीय उपखंडातल्या कुटुंबांच्या मुलांवर १९८० च्या दशकात झालेल्या छोट्या अभ्यासांत दिसलं होतं. तिथल्या आयाही हेच सांगत होत्या: बर्फ खाल्ला की पोराला खोकला येतो. अशा मुलाला बर्फाचा गोळा सोसत नसेल तर तो देऊ नये. दुसरी गोष्ट ॲलर्जीची. केळं खाल्ल्यावर काही मिनिटांतच ओठ, टाळू, घसा खाजायला लागला, ओठ सुजले, तर ती सर्दी नाही. रबराच्या लॅटेक्सची ॲलर्जी असलेल्यांत केळ्याची ॲलर्जी बऱ्यापैकी आढळते. तिथे रात्र-दिवस असा भेद नसतो, केळं कधीच खायचं नाही आणि डॉक्टरांना सांगायचं.

आपल्या घरातल्या माणसाला खरंच सोसत नाही का, हे तपासताही येतं. दमा किंवा ॲलर्जी नसलेल्या आणि त्या वेळी सर्दी नसलेल्या माणसावरच हे करावं. चार आठवडे घ्यावेत. रोज संध्याकाळी नाणं उडवावं. छापा पडला तर जेवणात एक वाटी ताजं दही, खोलीच्या तापमानाला आलेलं. काटा पडला तर दही नाही. बाकी जेवण आणि झोपेची वेळ तीच. दुसऱ्या दिवशी सकाळी, आदल्या रात्री काय खाल्लं ते ठाऊक नसलेल्या घरातल्या कुणीतरी रात्रीच्या खोकल्याला शून्य ते तीन गुण द्यावेत. शून्य म्हणजे खोकला नाही, एक म्हणजे एक-दोनदा, दोन म्हणजे बराच, तीन म्हणजे झोपमोड. महिन्याअखेरी दह्याच्या आणि बिनदह्याच्या रात्रींची सरासरी शेजारी मांडावी. नाणं अशासाठी की आपण स्वतः ठरवायला लागलो तर ढगाळ दिवशी, थकलेल्या दिवशी नकळत दही टाळतो आणि हिशेब तिथेच बिघडतो. मध्येच घरात सर्दीची साथ आली तर त्या दिवसांच्या नोंदी वगळाव्यात. यातून त्याच रात्रीच्या खोकल्याचं उत्तर मिळेल. दह्यानं वर्षात सर्द्या वाढतात का, हे चार आठवड्यांत कळणार नाही, कारण तेवढ्यात फार तर एखादी सर्दी होते.

मला खरी काळजी वाटते ती या समजुतीमुळे होणाऱ्या दोन गोष्टींची. पहिली, आजारी मुलाच्या पानातून नेमकं तेच काढून घेतलं जातं जे त्याला गिळता येतं. घसा सुजलाय, पोळी जात नाही, भाजी नको, अशा वेळी मऊ दहीभात किंवा कुस्करलेलं केळं हेच पोटात जातं. एका केळ्यात साधारण शंभर किलोकॅलरी असतात. टॉन्सिल काढल्यावर कित्येक सर्जन मुलांना गार आइस्क्रीम खायला सांगतात, कारण दुखऱ्या घशाला ते बरं वाटतं. मुलांचा सर्दीनंतरचा खोकला तीन आठवडेही रेंगाळू शकतो. तेवढे दिवस दही-फळं बंद, आणि वर्षातून अशा आठ खेपा, म्हणजे जवळजवळ निम्मं वर्ष.

दुसरी गोष्ट अधिक गंभीर आहे. मूल दर दोन-तीन आठवड्यांनी रात्री खोकतं, शिट्टीसारखा आवाज येतो, खेळताना दम लागतो, आणि घरात मात्र 'काल केळं खाल्लं ना' यावर विषय संपतो. हा दमा असू शकतो आणि त्याला चांगले उपचार आहेत. केळं बंद करून तो जात नाही. मोठ्या माणसाचा खोकला दोन आठवड्यांपेक्षा जास्त टिकला तर थुंकीची क्षयासाठी तपासणी करावी. सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. आणि लहान मुलाचा श्वास वेगानं चालत असेल तर मूल शांत किंवा झोपलेलं असताना, घड्याळ समोर ठेवून, पूर्ण एक मिनिट मोजावा. दोन महिन्यांच्या आतल्या बाळात ६० किंवा अधिक, दोन ते अकरा महिन्यांत ५० किंवा अधिक, एक ते पाच वर्षांत ४० किंवा अधिक श्वास भरले, किंवा श्वास घेताना बरगड्यांखालचा भाग आत ओढला जात असला, तर काय खाल्लं होतं ते आठवत बसू नये, त्याच रात्री मुलाला दवाखान्यात न्यावं.